कराराचा फोटो आणि एक प्रश्न : ‘बाई, हे बरोबर आहे का?’

आजचा पाठ व्यवहारातल्या मराठीचा आहे. पाठ्यपुस्तकात आपण अर्ज, पत्र, बातमी, जाहिरात शिकतो. करारनामा मात्र शिकत नाही, आणि आयुष्यात पहिली मोठी सही आपण बहुतेक वेळा करारनाम्यावरच करतो.

मागच्या वर्षी मे महिन्यात रात्री साडेनऊला माझ्या एका माजी विद्यार्थिनीने व्हॉट्सअॅपवर पाच फोटो पाठवले. खाली एकच ओळ होती : “बाई, हे बरोबर आहे का? उद्या सकाळी सही आहे.” तिला चिंचवडला नोकरी लागली होती. वन रूम किचनची जागा अकरा महिन्यांसाठी भाड्याने घ्यायची होती. भाडं महिना ९,००० रुपये आणि डिपॉझिट ४०,००० रुपये. ते चाळीस हजार तिच्या आईने भिशीतून उचलले होते.

तुम्ही घरातले किंवा गल्लीतले ‘शिकलेले’ असाल, तर असा फोटो तुमच्याकडेही येतो. तुम्ही वकील नसता, मीही नाही. मग उत्तर काय द्यायचं? “ठीक वाटतंय” हे उत्तर धोक्याचं आहे. “मला कायद्यातलं कळत नाही” हेही पुरेसं नाही, कारण त्या कागदातला अर्ध्याहून अधिक भाग कायद्याचा नसतो, भाषेचा आणि बेरजेचा असतो. तेवढा भाग नीट वाचायचा आणि कुठे थांबायचं ते ओळखायचं, एवढंच आज शिकू. तिचाच करार उदाहरण म्हणून घेऊ. नावं आणि पत्ता अर्थातच देत नाही.

१. आधी फोटो वाचा, मग करार

फोटो म्हणजे करार नव्हे, हे पहिलं लक्षात ठेवा. फोटोत येतो तो कराराचा काही भाग, काही प्रकाशात, काही कोनातून.

म्हणून सगळ्यात आधी पानं मोजायची. पाच फोटो होते. तळाशी पानांचे क्रमांक पाहिले तर १, २, ३, ५ आणि ६. चौथं पान नव्हतंच. दुसरी खूण म्हणजे कलमांचे क्रमांक. तिसऱ्या पानाच्या शेवटी कलम ९ चालू होतं आणि पाचव्या पानाच्या सुरुवातीला कलम १३. म्हणजे नऊचा शेवट आणि दहा, अकरा, बारा ही तीन पूर्ण कलमं माझ्यासमोर नव्हतीच. पानांवर क्रमांक नसतील तर कलमांचे क्रमांक पाहा. तेही नसतील तर प्रत्येक पानाचं शेवटचं वाक्य पुढच्या पानाच्या पहिल्या शब्दाशी जुळतं का, ते पाहा.

मी विचारलं, “चौथं पान कुठे गं?” ती म्हणाली, “बाई, त्यात काही विशेष नव्हतं, नुसतं पंखे आणि ट्यूबलाइट लिहिलंय.” हे फार नेहमीचं आहे. माणूस फोटो काढताना नकळत निवड करतो. भाडं आणि डिपॉझिटची पानं महत्त्वाची वाटतात, बाकीची ‘नुसती’ वाटतात. त्या चौथ्या पानावर काय निघालं ते पुढे येईल.

दुसरी गोष्ट आकड्यांची. तिसऱ्या पानावर उशिरा भाडं दिल्यास दंड होता. फोटो थोडा हलला होता. ‘दररोज रु. १००/-’ असं वाटत होतं, पण ‘९००/-’ असंही वाचता येत होतं. आपल्या आकड्यांत १ आणि ९ यांची गाठ धूसर झाली की फरक कळत नाही. पाच दिवस उशीर झाला तर एका वाचनाने पाचशे रुपये दंड, दुसऱ्या वाचनाने साडेचार हजार, म्हणजे अर्ध्या महिन्याचं भाडं. अशा ठिकाणी ‘शंभरच असणार’ असा अंदाज करायचा नाही. अंकाशेजारी अक्षरी रक्कम असेल तर ती वाचायची. इथे ती नव्हती, म्हणून तेवढ्याच ओळीचा जवळून फोटो मागवला. शंभरच निघाले. पण तो अंदाज राहिला नाही, वाचन झालं.

तिसरी गोष्ट, पहिल्या पानावर घरमालकांचा आधार आणि पॅन क्रमांक स्पष्ट दिसत होता, तिचाही. वाचणाऱ्याला त्याची काहीच गरज नसते. तिला म्हटलं, यापुढे कोणाला पाठवशील तर त्या दोन ओळींवर कागदाची पट्टी ठेवून फोटो काढ. आणि मी ते फोटो कुठल्याही गटावर ‘कोणाला कळतं का बघा’ म्हणून टाकले नाहीत. तुम्हीही टाकू नका.

२. कोण देणार, कोण घेणार

आता मजकूर. मराठी करारात सगळ्यात आधी अडखळायला होतं ते ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ या दोन नावांशी. पैसे तर भाडेकरू देतो, मग ‘देणार’ म्हणजे भाडेकरू का? नाही. इथे देणं आहे ते जागा वापरण्याच्या परवानगीचं. म्हणून मालक ‘लिहून देणार’ आणि तुमची मुलगी ‘लिहून घेणार’. हे एकदा उलटं झालं की पुढचं सगळं उलटं वाचलं जातं.

मी काय करते ते सांगते. कोऱ्या कागदावर वर लिहिते : लिहून देणार म्हणजे मालक, लिहून घेणार म्हणजे तू. मग प्रत्येक कलम वाचताना ती नावं काढून ‘मालक’ आणि ‘तू’ घालते. ‘सदर मिळकत’ म्हणजे ‘ही खोली’. ‘अनामत रक्कम’ म्हणजे डिपॉझिट. ‘शुल्क’ म्हणजे महिन्याचं भाडं, कारण लिव्ह अँड लायसन्स करारात भाडं हा शब्द सहसा टाळतात. तो करार भाडेपट्ट्याचा नसतो, जागा वापरायच्या परवानगीचा असतो.

तिच्या करारातलं कलम ५ असं होतं :

“सदर अनामत रक्कम बिनव्याजी राहील व मुदतीअंती मिळकतीचा ताबा परत मिळाल्यानंतर लिहून देणार यांना योग्य वाटतील त्या वजावटी करून ती यथावकाश परत करण्यात येईल.”

याचं साधं मराठी : “तू खोली रिकामी केल्यावर मालक स्वतःला वाटेल तेवढे पैसे कापतील आणि उरलेले, जमेल तेव्हा, तुला देतील. व्याज मिळणार नाही.”

मी वाक्य फिरवलं नाही की तिखटही केलं नाही. ‘यथावकाश’ म्हणजे सवडीने, जमेल तसं. ‘योग्य वाटतील त्या’ म्हणजे कोणाला योग्य? वाक्यात स्पष्ट आहे, लिहून देणार यांना. हे मी फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “पण एजंटदादा म्हणाले, पंधरा दिवसांत मिळतं.” मी विचारलं, “कागदात पंधरा हा आकडा कुठे आहे?” नव्हता.

इथे वाचणाऱ्याचं काम संपतं का? नाही, अजून एक भाग उरतो. जे लिहिलं आहे ते सांगितलं, आता जे लिहिलेलं नाही ते सांगायचं. डिपॉझिटच्या कलमात चार गोष्टी शोधायच्या : किती, कधी परत, कशाकशासाठी कापणार, आणि कापलं तर हिशेब दाखवणार का. इथे पहिली होती, बाकी तीन नव्हत्या. ‘नाही’ ही नोंदसुद्धा वाचनाचाच भाग आहे.

३. एका शब्दात पंचेचाळीस हजार

आता या कराराचं सगळ्यात महत्त्वाचं कलम. कलम ८ :

“लिहून घेणार यांना पहिल्या सहा महिन्यांच्या आत सदर करार संपुष्टात आणता येणार नाही. तसे केल्यास उर्वरित कालावधीचे संपूर्ण शुल्क देणे लिहून घेणार यांच्यावर बंधनकारक राहील. लिहून देणार यांना एक महिन्याची पूर्वसूचना देऊन करार केव्हाही संपुष्टात आणता येईल.”

यालाच लॉक-इन म्हणतात. तिसऱ्या वाक्यातला एकतर्फीपणा तुमच्या लगेच लक्षात आला असेल. तिला सहा महिने हलता येत नाही, मालकांना महिनाभराच्या सूचनेवर केव्हाही खोली रिकामी करून घेता येते. ते तिला सांगायचंच. पण खरी अडचण दुसऱ्या वाक्यात लपली आहे, आणि ती व्याकरणाची आहे.

‘उर्वरित कालावधी’ म्हणजे कशातला उर्वरित? आधीच्या वाक्यात सहा महिने आहेत, म्हणून सहातला उरलेला असं वाचता येतं. पण वर मुदतीच्या कलमात करार अकरा महिन्यांचा आहे, आणि इथे शब्द नुसता ‘कालावधी’ आहे. म्हणून अकरातला उरलेला असंही वाचता येतं. दोन्ही वाचनं प्रामाणिक आहेत.

आता रुपये घालून बघू. समजा तीन महिन्यांनी तिची बदली झाली आणि खोली सोडावी लागली.

पहिलं वाचन : सहातले तीन झाले, तीन उरले. ९,००० गुणिले ३, म्हणजे २७,००० रुपये.

दुसरं वाचन : अकरातले तीन झाले, आठ उरले. ९,००० गुणिले ८, म्हणजे ७२,००० रुपये.

फरक ४५,००० रुपयांचा. तिच्या डिपॉझिटपेक्षा जास्त. एका विशेषणाला त्याचं नाम सापडत नाही म्हणून.

संदिग्ध कलम सापडलं की नुसतं “हे संदिग्ध आहे बरं का” म्हणू नका. दोन्ही अर्थ लिहा आणि दोघांचे रुपये काढा. समोरच्या माणसाला संदिग्धता कळत नाही, सत्तावीस आणि बहात्तर कळतात.

४. ‘नुसतं’ पान

रात्री सव्वादहाला चौथं पान आलं. त्यात खरंच दोन पंखे, तीन ट्यूबलाइट, एक गिझर, कपाट आणि किचन ट्रॉली होती. पण यादीच्या वर कलम ११ होतं : ताबा परत देताना रंगकामापोटी एक महिन्याचं शुल्क अनामत रकमेतून वजा केलं जाईल.

म्हणजे खोली आरशासारखी ठेवली तरी ९,००० जाणारच. चाळीस हजारांतले जास्तीत जास्त ३१,००० परत येणार. आता कलम ५ परत वाचा. तिथे मालकांना योग्य वाटतील त्या वजावटी आहेत, आणि इथे ठरलेली एक वजावट वेगळी आहे. दोन कलमं दोन पानांवर, पण पैसे एकाच डिपॉझिटमधून जाणार. पाच फोटोंवरून मी “डिपॉझिटमधून ठरलेली कपात काही दिसत नाही” असं सांगितलं असतं, तर ते त्या फोटोंपुरतं खरं आणि करारापुरतं चूक झालं असतं.

म्हणून उत्तर देताना पहिलं वाक्य नेहमी हे ठेवा : “मी इतकी पानं वाचली, अमुक पान वाचलेलं नाही.”

यादीबद्दलही एक सांगते. यादीत ‘गिझर १’ लिहिलेलं होतं, तो चालू की बंद ते नव्हतं. सही म्हणजे तो गिझर तिला मिळाला असं मान्य करणं. तिला म्हटलं, ताबा घेताना प्रत्येक वस्तू चालवून बघ, फोटो काढ आणि त्याच दिवशी मालकांना पाठव.

५. इथे थांबायचं

एवढं झाल्यावर तिने विचारलं, “बाई, मग मधेच सोडलं तर मला खरंच बहात्तर हजार द्यावे लागतील का?”

हाच तो प्रश्न, ज्याचं उत्तर आपण द्यायचं नाही. का, ते नीट समजून घ्या.

कागद काय मागतो हा एक प्रश्न. कायदा त्यातलं किती देऊ देतो हा वेगळा प्रश्न. भारतीय करार कायदा, १८७२ यात कलम ७४ आहे. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असं लिहिलेलं असलं, तरी त्या कलमानुसार समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा ठरते. म्हणजे लिहिलं आहे म्हणून तेवढंच मिळेल असं नाही. मग वाजवी म्हणजे किती? मालकांना दुसरा भाडेकरू आठवड्यात मिळाला की चार महिन्यांनी? मुळात हे कलम लॉक-इनच्या रकमेला कसं लागू होईल? इथे प्रत्येक पावलावर वकिलाचं ज्ञान लागतं. मी कलम ७४ चा उल्लेख करू शकते, तशी तरतूद आहे म्हणून. पण “घाबरू नकोस, काही द्यावं लागणार नाही” असं म्हणणं हा कायदेशीर सल्ला झाला. तो चुकला तर किंमत ती मोजणार, मी नाही.

याच्या उलट बाजूही लक्षात घ्या. समजा कायदा तिच्या बाजूने निघाला, तरी चाळीस हजार आधीच मालकांच्या हातात आहेत. त्यांनी ते अडवून ठेवले तर मागे धावायचं तिला. म्हणून “कोर्टात हे टिकत नाही” हे ऐकीव वाक्य सही करताना कामाचं नाही. सहीच्या आधी कलम बदलून घेणं स्वस्त पडतं.

मग कायद्याबद्दल काहीच बोलायचं नाही का? बोलायचं, पण माहिती आणि सल्ला यातली रेघ ओळखून. एक उदाहरण देते. तिला एजंट म्हणाला होता, “अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणीची गरज नाही.” हा समज सगळीकडे आहे. नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून अकरा महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्रात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचं कलम ५५ आहे. त्यानुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी असावा लागतो आणि नोंदवावाच लागतो, मग मुदत अकरा महिन्यांची का असेना. नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. करार नोंदलेला नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.

ही माहिती झाली. ती कोणालाही सारखीच सांगता येते. पण “मग नोंदणी न करताच राहा, तुझंच म्हणणं चालेल” असं मी म्हटलं, की तो तिच्या एकटीच्या परिस्थितीवरचा सल्ला झाला. रेघ तिथे आहे.

आणखी चार गोष्टी फोटोवरून कधीच कळत नाहीत. समोरचा माणूस खरोखर त्या जागेचा मालक आहे का. जागेवर कुठला वाद आहे का. फोटोतला मसुदा आणि नोंदणीसाठी संगणकावर भरलेला मजकूर एकच आहे का. आणि तोंडी काय ठरलं. चौथ्याबद्दल एवढं पक्कं ठेवा : अटी एकदा लेखी झाल्या की त्यांच्या विरुद्ध तोंडी बोलणं पुढे मांडणं साधारणपणे फार अवघड जातं. एजंटदादांचे पंधरा दिवस कागदावर आले तरच ते पंधरा दिवस. तिसऱ्यासाठी उपाय सोपा आहे. ऑनलाइन नोंदणीत अंगठा देण्याआधी भरलेला मसुदा मागून घ्यायचा आणि कलम न कलम जुळवायचं.

६. मी दिलेलं उत्तर

“बरोबर आहे का?” याला मी हो किंवा नाही म्हटलं नाही. तिला रात्री अकराच्या सुमारास हे लिहून पाठवलं :

“सहाही पानं वाचली. मी वकील नाही, हे फक्त कागदात काय लिहिलंय त्याचं वाचन आहे. सही करायची की नाही ते तू आणि आईने ठरवायचं.

लिहिलंय ते : अकरा महिने, भाडं ९,०००, डिपॉझिट ४०,००० बिनव्याजी. उशीर झाल्यास रोज १०० दंड. रंगाचे ९,००० नक्की कापणार. सहा महिने तुला सोडता येणार नाही, मालकांना महिनाभराच्या सूचनेवर सोडायला लावता येईल.

लिहिलेलं नाही ते : डिपॉझिट किती दिवसांत परत, आणखी कशासाठी कापणार, हिशेब देणार का.

दोन अर्थ निघतात ते : कलम ८ मधला ‘उर्वरित कालावधी’. तीन महिन्यांनी सोडलंस तर एका अर्थाने २७,०००, दुसऱ्या अर्थाने ७२,०००.

मालकांना विचारायचं ते : ‘उर्वरित कालावधी’च्या जागी ‘सहा महिन्यांपैकी उर्वरित कालावधी’ असं लिहाल का? ‘यथावकाश’च्या जागी ‘ताबा दिल्यापासून १५ दिवसांत’ असं लिहाल का? वजावटीचा लेखी हिशेब द्याल का? महिनाभराची सूचना सहा महिन्यांनंतर दोघांना सारखी ठेवाल का?

वकिलाला विचारायचं ते : कलम ८ ची रक्कम खरंच वसूल होऊ शकते का?”

बघा, यात ‘चांगला करार’, ‘वाईट करार’, ‘फसवणूक’ असे शब्द कुठेच नाहीत. मालक फसवतायत असं मला माहीत नव्हतं, आणि बहुधा फसवत नव्हतेही. एजंटकडे एकच मसुदा असतो, तो नाव बदलून सगळ्यांना देतात. त्यातले शब्द कोणी फारसे वाचलेले नसतात.

शेवटच्या ओळीबद्दल तिने विचारलं, “वकिलाला पैसे कुठून देऊ?” हे तिला माहीत नव्हतं आणि अनेकांना नसतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत विधी सेवा मागता येते. मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कमी उत्पन्न असलेले यांनाही. त्यासाठी जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. तिथे “करार बघा” म्हणून जाण्यापेक्षा सहा पानं आणि हा एक नेमका प्रश्न घेऊन गेलं तर काम पटकन होतं. आपलं वाचन वकिलाची जागा घेत नाही, पण वकिलाकडे नेण्याचा प्रश्न तयार करून देतं.

दुसऱ्या दिवशी सही दुपारपर्यंत पुढे ढकलली गेली. मालककाकांनी ‘सहा महिन्यांपैकी’ हे शब्द लगेच घालून दिले. म्हणाले, “माझ्या मनात तेच होतं की.” पंधरा दिवसांऐवजी तीस दिवस लिहिले. वजावटीचा हिशेब द्यायचंही मान्य केलं. रंगाचे नऊ हजार आणि महिनाभराची सूचना मात्र तशीच राहिली. ती आईशी बोलली, आणि तेवढं मान्य करून तिने सही केली. रंगाचे पैसे तिला आजही जास्त वाटतात. पण ते जाणार हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

स्वाध्याय

१. पुढील वाक्य ‘मालक’ आणि ‘तू’ वापरून साध्या मराठीत लिहा : “मिळकतीच्या किरकोळ दुरुस्तीचा खर्च लिहून घेणार यांनी स्वतः सोसावयाचा असून त्याची मागणी लिहून देणार यांच्याकडे करता येणार नाही.” या वाक्यात कोणत्या शब्दाची व्याख्या दिलेली नाही? त्या शब्दात गळका नळ बसतो का, गच्चीची गळती बसते का, ते ठरवता येतं का?

२. “करार संपल्यावर वाढीव दराने नूतनीकरण करण्यात येईल.” या वाक्यात न सांगितलेल्या तीन गोष्टी लिहा.

३. पुढील वाक्यांपैकी वाचन कोणतं, माहिती कोणती आणि कायदेशीर सल्ला कोणता, ते ओळखा :
(अ) सूचनेची मुदत दोघांना सारखी नाही.
(आ) महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावा लागतो.
(इ) तू बिनधास्त सोड, डिपॉझिट त्यांना द्यावंच लागेल.

४. घरात जुना करार असेल तर तो काढा. पानं मोजा, कलमांचे क्रमांक जुळवा आणि डिपॉझिट परत कधी मिळणार हे एका वाक्यात लिहा. ते वाक्य लिहिता आलं नाही, तर का आलं नाही तेही लिहा.